बाजरीचा अंदाज आणि आभाळाचा हिस्सा



ऑगस्ट सरत आला की कलेक्टर कचेरीत प्रश्न निघतो, यंदा जिल्ह्यात बाजरी किती पिकेल? चारा कुठून आणायचा, टँकर किती लागतील, याची तयारी त्यावर ठरते. म्हणून साहेबांना एकच आकडा हवा असतो. जाणता सांख्यिकी अधिकारी मात्र एक आकडा लिहून मोकळा होत नाही. तो काय लिहील ते पाहू.

समजा, पेरा १ लाख हेक्टर आहे. सप्टेंबरात वेळेवर पाऊस झाला तर हेक्टरी ९ क्विंटल उतारा येईल, दाणा भरताना खंड पडला तर ५ क्विंटल. म्हणजे ९ लाख क्विंटल किंवा ५ लाख. मधला ७ लाखांचा आकडा कागदावर नेटका दिसतो खरा. पण खंड पडलाच तर त्याच कागदापायी २ लाख क्विंटलची तूट बेसावध गाठते.

नोंदवलेल्या पेऱ्यातही थोडी चूक असतेच. ती शेकडा ५ धरली तरी ५ हजार हेक्टरांची, म्हणजे फार तर ४५ हजार क्विंटलची. आभाळाची तफावत ४ लाखांची! कुठली चूक मोठी हे अहवालात आधी सांगावे लागते.

पाऊस सरासरीइतका झाला एवढ्यावरही भागत नाही. जूनमध्ये धो धो कोसळून ऑगस्टअखेर तोंड फिरवलेला पाऊसही बेरजेत सरासरी गाठतो. उलट, फुलोऱ्यात झड लागली तर परागकण धुऊन जातात, कणसात अरगट शिरतो. शिवाय जिल्ह्याच्या सरासरीत एखादा कोरडा तालुका सहज झाकला जातो. तेव्हा पावसाचे आकडे मंडळवार आणि तारखेवार मांडावे लागतात.

खरा उतारा कळतो तो पीक कापणी प्रयोगात. चिठ्ठी काढावी तसे शेत निवडतात आणि त्यात १० मीटर लांब, ५ मीटर रुंद तुकडा आखतात. हेक्टरात असे २०० तुकडे बसतात. त्यातून ४ किलो वाळलेला दाणा निघाला तर हेक्टरी ८ क्विंटल झाले. अर्ध्या किलोचा फरक पडला की हेक्टरी १ क्विंटल वर-खाली! म्हणून ओला दाणा तोलून चालत नाही. आणि तुकडा चांगल्या कोपऱ्याकडे सरकवला तर दोष कायम राहतो, मग प्रयोग कितीही वाढवा. आपल्या शेतात तुकडा आखताना घरचे कुणी तरी उभे राहावे, दाणा वाळवून पुन्हा तोलला का तेही विचारावे.

हा प्रयोग काढणीला होतो. तोवर अहवालात दोन्ही आकडे हवेत, आणि सप्टेंबरच्या मध्याला कुठल्या मंडळात किती दिवस कोरडे गेले ते पाहून ते पुन्हा मांडायला हवेत.