छायाचित्राची ओळख कोठे लिहावी?

छायाचित्र जे दाखविते त्यापेक्षा जे सांगत नाही ते पुष्कळदा अधिक महत्त्वाचे असते. सन २०२० च्या जून महिन्यात बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याच्या नमुन्यांची तपासणी केली, आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे सांगितले. त्या दिवसांत सरोवराच्या काठी उभे राहून कोणी काढलेले एखादे छायाचित्र आज एखाद्या शालेय ग्रंथालयाच्या संगणकात पडून आहे, अशी कल्पना करावी. पाहणाऱ्याला त्यात गुलाबी पाणी दिसेल. परंतु तो रंग खरा की छायाचित्रकाराने संगणकावर चढविलेला, हे त्याला कळणार नाही. ज्या चित्राचे मोल एका निरीक्षणाचा पुरावा म्हणून आहे, ते चित्र वर्णनावाचून केवळ एक रंगीत देखावा होऊन बसते.

कॅमेरा आपल्या परीने काही नोंद ठेवतो, हे खरे. चित्र घेतले त्या क्षणाची तारीख व वेळ, भिंगाची मोजमापे, आणि मुभा दिली असल्यास स्थानाचे अक्षांश-रेखांश तो चित्राच्या फाइलमध्ये आपोआप लिहितो. या नोंदीला एक्झिफ असे म्हणतात. परंतु तिच्यातून ‘केव्हा’ आणि ‘कोठे’ एवढ्याच प्रश्नांची उत्तरे मिळतात. ‘काय’ आणि ‘कशावरून’ या प्रश्नांची उत्तरे माणसालाच लिहावी लागतात. तेव्हा ती त्याने कोठे लिहावीत, हा या लेखाचा विषय आहे.

वर्णन दोन ठिकाणी लिहिता येते. एक म्हणजे चित्रे पाहण्याच्या व लावून ठेवण्याच्या ॲपची स्वतःची खतावणी. येथे चित्र एका जागी राहते व त्याचे वर्णन दुसऱ्या जागी. या दोहोंचा संबंध त्या ॲपलाच ठाऊक असतो. दुसरे ठिकाण म्हणजे खुद्द चित्राची फाइल. जेपेग जातीच्या फाइलमध्ये चित्राच्या बिंदूंखेरीज लेखनासाठी राखून ठेवलेले कप्पे असतात. तेथे लिहिलेला मजकूर चित्राबरोबर प्रवास करतो; मात्र चित्राच्या एकाही बिंदूला त्याने धक्का लागत नाही. पडद्यावर दोन्ही प्रकार सारखेच दिसतात, आणि याच सारखेपणामुळे लोक फसतात. वर्णन चित्राखाली दिसते म्हणजे ते चित्रात आहे, असा समज होतो.

हा भेद किती खरा आहे, याचा पडताळा सन २०१६ मध्ये आला. गुगल कंपनीने त्या वर्षी पिकासा हा आपला लोकप्रिय कार्यक्रम बंद केला. पिकासात जेपेग चित्राखाली लिहिलेले वर्णन आणि जोडलेले सूचक शब्द फाइलमध्येच लिहिले जात असत. त्यामुळे पिकासा गेला तरी ते वाचले, आणि आजही दुसऱ्या कार्यक्रमांत ते वाचता येतात. परंतु चित्रांचे जे संग्रह वापरणाऱ्यांनी हौसेने रचले होते, त्यांची नोंद पिकासाच्या स्वतंत्र फाइलींत होती, आणि त्या फाइली वाचणारा कार्यक्रमच मागे पडला. एकाच माणसाच्या श्रमांपैकी काही टिकले व काही वाया गेले, याचे कारण एवढेच की ते श्रम वेगवेगळ्या जागी लिहिले गेले होते.

पुढे पुष्कळांनी स्वीकारलेल्या गुगल फोटोज या सेवेची रीत नेमकी उलट आहे. तेथे चित्राखाली लिहिलेले वर्णन मूळ फाइलमध्ये उतरत नाही. सर्व चित्रे एकदम परत मागविली असता प्रत्येक चित्राशेजारी एक वेगळी मजकुराची फाइल मिळते, आणि वर्णन तिच्यात "description" या नावापुढे असते. म्हणजे मजकूर हरवत नाही, पण चित्रापासून तुटतो. ज्याला हे ठाऊक नाही तो चित्रे तेवढी उचलून घेतो आणि उरलेल्या फाइली कचरा समजून पुसून टाकतो.

म्हणून शाळा व ग्रंथालये यांनी वर्णन फाइलच्या आतच लिहिण्याचा नियम करावा, हे मत येथे मांडावयाचे आहे. यासाठी नवी युक्ती शोधण्याची गरज नाही. वृत्तसंस्थांना छायाचित्रे तारेने दूरदूर पाठवावी लागत, आणि चित्राबरोबर त्याची ओळखही पोहोचावी ही त्यांची नित्याची निकड होती. त्यांच्या आयपीटीसी या परिषदेने अशा मजकुराचे कप्पे पूर्वीच ठरवून दिले. सन २००१ मध्ये अडोबी कंपनीने एक्सएमपी ही अधिक लवचीक पद्धत आणली, आणि २०१२ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचे स्थान मिळाले. वर्णनाचा आणि सूचक शब्दांचा कप्पा या दोन्ही पद्धतींत आहे.

देवनागरीत लिहिणाऱ्याने मात्र या दोहोंतील एक भेद ध्यानात ठेवावा. जुन्या आयपीटीसी कप्प्यांची लांबी बांधलेली आहे: वर्णनास २००० बाइट आणि प्रत्येक सूचक शब्दास ६४ बाइट. रोमन लिपीत एका अक्षरास एक बाइट पुरतो. प्रचलित यूटीएफ-८ संकेतात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन लागतात, आणि मात्रा व हलन्त हीही स्वतंत्र चिन्हे गणली जातात. ‘लोणार सरोवर वन्यजीव अभयारण्य’ हा सूचक शब्द घेऊन पाहू. त्यात देवनागरीची २५ चिन्हे व तीन रिकाम्या जागा आहेत. म्हणजे एकूण ७८ बाइट झाले. मर्यादा काटेकोरपणे पाळणारा कार्यक्रम तो छाटतो, आणि ‘लोणार सरोवर वन्यजीव अभय’ एवढेच मागे उरते. शोध घेणाऱ्यास अभयारण्य सापडत नाही, आणि का सापडत नाही हेही कळत नाही. शिवाय जुन्या कप्प्यातील मजकूर कोणत्या संकेतात आहे हे फाइलमध्ये नोंदविलेले नसेल, तर वाचणारा कार्यक्रम तो रोमन लिपीचा धरून चालतो. तशा वेळी पडद्यावर à¤ आणि à¥ अशा चिन्हांची रांग उमटते. ही रांग दिसली की मजकूर नष्ट झाला असे समजू नये. तो चुकीच्या संकेताने वाचला जात आहे, एवढाच तिचा अर्थ. एक्सएमपीत संकेत आरंभापासूनच निश्चित आहे आणि लांबीचे असे बंधन नाही. यास्तव मराठी वर्णन एक्सएमपीतच लिहावे.

प्रत्यक्ष कृती सोपी आहे. फिल हार्वे यांनी रचलेला एक्झिफटूल हा विनामूल्य कार्यक्रम यासाठी विश्वासाचा मानला जातो. लोणारच्या चित्राचे वर्णन आधी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, यूटीएफ-८ संकेतात, लिहावे: ‘लोणार सरोवर, जिल्हा बुलढाणा, जून २०२०. पाणी प्रत्यक्षात गुलाबी दिसत होते. छायाचित्राच्या रंगांत फेरफार केलेला नाही.’ या फाइलला vivaran.txt असे नाव द्यावे आणि पुढील आज्ञा द्याव्यात:

```
exiftool "-XMP-dc:Description<=vivaran.txt" lonar.jpg
exiftool -XMP-dc:Subject="लोणार सरोवर" -XMP-dc:Subject="खारे पाणी" lonar.jpg
exiftool -XMP-dc:all lonar.jpg
```

पहिली आज्ञा वर्णन लिहिते, दुसरी सूचक शब्द लिहिते, आणि तिसरी लिहिलेले परत वाचून दाखविते. मूळ फाइल lonar.jpg_original या नावाने बाजूला राखली जाते. ज्यांना आज्ञा टंकित करणे रुचत नाही त्यांना डिजिकॅमसारखा खिडक्यांचा कार्यक्रम वापरता येईल. मात्र त्याच्या मांडणीत मजकूर फाइलमध्ये लिहिण्याची खूण केलेली आहे की नाही, हे आधी पाहावे. लाइटरूम क्लासिक या व्यावसायिक कार्यक्रमातही मजकूर प्रथम त्याच्या स्वतःच्या सूचीत राहतो. फाइलमध्ये तो आपोआप उतरावा यासाठी वेगळी खूण करावी लागते.

लिहिले म्हणजे काम संपले असे मात्र नाही. खरी कसोटी प्रवासाची आहे. चित्र ज्या मार्गाने पाठवावयाचे त्याच मार्गाने एकदा स्वतःकडे पाठवून पाहावे, आणि आलेल्या प्रतीवर तिसरी आज्ञा पुन्हा चालवावी. व्हॉट्सॲपवरून छायाचित्र म्हणून पाठविलेली प्रत लहान केली जाते आणि तिच्यातील मजकूर गळून पडतो. तेच चित्र दस्तऐवज म्हणून पाठविल्यास फाइल जशीच्या तशी पोहोचते. ही परीक्षा पाच मिनिटांची आहे. पण ती केल्यावाचून शेकडो चित्रे एका सेवेतून दुसरीत हलविणे म्हणजे पत्ता न लिहिता टपालात पत्रे टाकण्यासारखे आहे.

या मताविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात, आणि दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. अभिलेखागारातील जाणकार म्हणतात की मूळ फाइलला हातच लावू नये. फाइल बदललेली नाही हे पडताळण्यासाठी तिच्या सर्व बाइटांवरून एक पडताळा-अंक काढून ठेवलेला असतो. आत एक शब्द लिहिला तरी तो अंक बदलतो, आणि चित्र अक्षत असूनही फाइल बिघडल्याचा संशय येतो. आक्षेप खरा आहे; परंतु त्याचे उत्तर क्रमात आहे. आधी वर्णन लिहावे, मग पडताळा-अंक काढावा, आणि त्यानंतर फाइल दाखल करावी. जी फाइल आधीच दाखल झाली असेल ती तशीच राहू द्यावी व वर्णन वापरावयाच्या प्रतीत लिहावे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जे चित्राबरोबर जाते ते नको तेथेही जाते. विद्यार्थ्यांची नावे, घराजवळच्या जागेचे अक्षांश-रेखांश किंवा एखाद्या दुर्मिळ पक्ष्याच्या घरट्याचे ठिकाण फाइलमध्ये लिहिले, तर ती फाइल ज्याच्या हाती पडेल त्याला ते वाचता येईल. म्हणून विषय, काळ आणि निरीक्षण ही फाइलमध्ये लिहावीत. व्यक्तींची नावे मात्र संस्थेच्या नोंदवहीत ठेवून, बाहेर जाणाऱ्या प्रतीत केवळ दाखल क्रमांक द्यावा.

नोंदवही किंवा ॲपची खतावणी निरुपयोगी आहे असे यावरून ठरत नाही. शोध जलद व्हावा म्हणून सूची लागतेच. परंतु सूची ही फाइलींवरून पुन्हा तयार करता आली पाहिजे. सूची गेली की ओळखही गेली, अशी स्थिती असू नये. तेव्हा ग्रंथालयाने देणगीदाराकडून वा विद्यार्थ्याकडून छायाचित्र स्वीकारताना ते उघडून पाहावे, तशीच वर दिलेली तिसरी आज्ञाही चालवावी. उत्तर रिकामे आले, तर चित्र देणारा माणूस समोर असतानाच त्याला विचारून दोन ओळी लिहून घ्याव्यात. लोणारचे पाणी खरोखर गुलाबी होते की नव्हते, हे सांगू शकणारा माणूस त्या एका वेळीच समोर उभा असतो.