टोमणा नको, हीट कोड द्या

शिवाजी उद्यमनगरात एकेकाळी एकाच शेडखाली पॅटर्न व्हायचा, मोल्डिंग व्हायचे आणि पलीकडच्या लेथवर तोच जॉब चढायचा. कास्टिंगमध्ये खड्डा निघाला की टर्नर तुकडा उचलून मोल्डरपुढे ठेवायचा आणि दोघे मिळून तो बघायचे. आज शिरोलीत ओतलेला माल शहराच्या दुसऱ्या टोकाला गोकुळ शिरगावात किंवा कागलमध्ये मशिनवर चढतो. खड्डा दिसतो तिथे ओतणारा नसतो आणि ओततो तिथे खड्डा दिसत नाही. मधले सगळे बोलणे मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये चालते आणि ते कसे चालते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

मशिन शॉपकडून आलेला हा एक नमुना पाहा. असे संदेश आपल्यापैकी प्रत्येकाने वाचले आहेत आणि बहुतेकांनी लिहिलेही आहेत.

«फाउंड्रीने नेहमीप्रमाणे माल पाठवलेला आहे. ४० पैकी ११ गेले. दोनदा सांगून झाले. जमलं तर वाळूकडे जरा बघा की, नाहीतर निस्तरायला आम्ही आहोतच. साहेबांच्या माहितीसाठी.»

शेवटी हात जोडल्याचे चिन्ह. तासाभराने उत्तर येते: «वाळूचे रिपोर्ट ओके आहेत. आपल्याकडचे सेटिंगही एकदा तपासून घ्यावे ही नम्र विनंती.» इथून पुढे चर्चा माणसांची होते आणि कास्टिंग पॅलेटवर पडून राहते.

हे वागणे सभ्य की असभ्य, हा या संपादकीयाचा विषय नाही. पहिल्या संदेशातून फाउंड्रीला काय कळले, एवढेच तपासू. कोणता जॉब, कोणती हीट, खड्डा कुठल्या अंगाला, केवढा आणि आतून कसा, यातले काहीही त्यात नाही. आकडे दोनच आहेत, ४० आणि ११. बाकी सगळा राग आहे आणि वाळूविषयीचा एक अंदाज आहे. हा अंदाजच सगळ्यात महागात पडतो.

ग्रे आयर्नच्या कास्टिंगमध्ये वायूचा खड्डा पडायला वाळूतला जादा ओलावा हे एक कारण झाले. कोअरवरचा पाण्याचा वॉश पुरता वाळला नसेल, कोअरची व्हेंट बुजली असेल, बाइंडर जास्त पडला असेल किंवा धातू थंड ओतला गेला असेल, तरी खड्डा पडतोच. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत कोअर रॅकवर पडून राहिला तर तोही ओलावा ओढतो. वाळूचे कण अडकून झालेला खड्डा वेगळा आणि आकुंचनाचा त्याहून वेगळा. वायूच्या खड्ड्याची आतली भिंत सहसा गुळगुळीत असते. वाळूच्या खड्ड्यात कण दिसतात. आकुंचनाचा खड्डा आतून खडबडीत आणि वेडावाकडा असतो. हे सगळे मशिन शॉपमधल्या माणसाला डोळ्यांनी दिसते. कारण मात्र त्याला दिसत नाही. म्हणून «वाळूकडे बघा» हे त्याने पाहिलेले नाही, त्याने ठरवलेले आहे. ऐकणाऱ्याला त्यात आरोप ऐकू येतो आणि तो आपल्या वाळूचा रिपोर्ट घेऊन बचावाला उभा राहतो. कोअरच्या ओव्हनकडे कोणी बघतच नाही.

संदेश नव्याने लिहायचा तर पहिली पायरी खोडण्याची आहे. प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायचा: हे वाक्य काढले तर समोरच्याच्या हातून होणारे एखादे काम अडेल का? «नेहमीप्रमाणे» काढल्याने काही अडत नाही. «जमलं तर», «निस्तरायला आम्ही आहोतच», «साहेबांच्या माहितीसाठी» यांनीही काही अडत नाही. साहेबांना खरोखर कळवायचे असेल तर त्यांच्याकडून हवा असलेला निर्णय वेगळ्या ओळीत मागावा. नुसती माहिती म्हणून त्यांचे नाव घेतले की ती धमकी होते.

दुसरी पायरी बदलण्याची. «दोनदा सांगून झाले» या वाक्यात तक्रार आहे, पण खरी माहितीही लपलेली आहे. हा दोष पुन्हा पुन्हा येत असेल तर ते फाउंड्रीला कळायलाच हवे. तेव्हा तारखा आणि नग लिहावेत: ३ तारखेच्या हीटमध्ये २५ पैकी ४, ८ तारखेच्या हीटमध्ये ३० पैकी ५. तारखा सापडत नसतील तर ते वाक्य खोडावे. «नेहमी» हा शब्द वहीत नोंद नसल्याची कबुली असते.

तिसरी पायरी भरण्याची. जे पाहिले ते, ज्याने काम अडले ते आणि जे हवे ते, याच क्रमाने. आपला नमुना आता असा होईल:

«पंप हाउसिंग, १४ तारखेची दुसरी पाळी, हीट कोडचा फोटो सोबत. ४० नग मशिन केले, त्यांतल्या ११ नगांच्या मोठ्या बोअरमध्ये फिनिश कटनंतर २ ते ४ मिमीचे खड्डे दिसले. ११ पैकी ९ नगांत ते बोअरच्या वरच्या अंगाला आहेत. आतून गुळगुळीत, वाळूचे कण नाहीत. असेच खड्डे ३ तारखेला २५ पैकी ४ आणि ८ तारखेला ३० पैकी ५ नगांत होते. अकराही नग खडूने खूण करून वेगळे ठेवले आहेत, एक कापला आहे. याच हीटचे ६० नग अजून मशिन व्हायचे आहेत. विनंती दोन: ते मशिनवर घ्यावेत की थांबवावेत, हे १२ वाजेपर्यंत कळवावे. त्या पाळीतल्या कोअर वाळवण्याची आणि ओतण्याच्या तापमानाची नोंद ४ वाजेपर्यंत पाठवावी. १२ पर्यंत निरोप आला नाही तर ६० नग बाजूला ठेवून दुसरा जॉब लावतो.»

हा संदेश आधीच्यापेक्षा लांब आहे आणि मवाळ मुळीच नाही. रिजेक्शनचा आकडा तोच आहे, उलट मागच्या दोन हीट धरून तो जड झाला आहे. शेवटचे वाक्यही कडक आहे, पण त्यात आपण काय करणार एवढेच सांगितले आहे. मुख्य फरक असा की वरच्या अंगाचे गुळगुळीत खड्डे वाचताच जाणता फाउंड्रीमन कोअर आणि त्याच्या व्हेंटकडे जाईल. त्याला तिकडे कोणी ढकललेले नाही, खड्ड्याच्या वर्णनाने नेले आहे. नोंदी मागतानाही «वॉश वाळवला नव्हता का?» असे विचारलेले नाही, फक्त नोंद मागितली आहे. ती पाहून कारण ठरवणे हे ज्याचे काम, त्याच्याकडेच राहिले.

इथे एका पळवाटेपासून सावध राहायला हवे. काही जण माणसाचे नाव टाळून «वॉश नीट वाळवला गेलेला नाही असे दिसते» असे लिहितात आणि आपण तटस्थ झालो असे मानतात. कर्ता गाळला तरी आरोप तिथेच राहतो, शिवाय कारणही न तपासता ठरवले जाते. तसेच «आपण», «कृपया», «नम्र विनंती» यांची भर घातल्याने टोमणा निवळत नाही. आपल्याकडे आदरार्थी भाषेतच सर्वांत जिव्हारी लागणारे टोमणे मारले जातात.

घाई का, हेही समजून घ्यावे. ग्रीन सँड फिरत राहते. तीच वाळू शेकआउटवरून परत मिक्सरमध्ये जाते आणि एका पाळीत कितीदा तरी वापरली जाते. कोअरची त्या दिवशीची बॅच संपून जाते. भांडणात एक दिवस गेला तर तपासायला उरतो तो फक्त कापलेला तुकडा आणि वहीतली नोंद. त्यातली नोंदही भांडणाने बिघडते. डेमिंग यांच्या चौदा सूत्रांपैकी आठवे सूत्र कामाच्या जागेतून भीती घालवा असे सांगते, त्याचा अर्थ आपल्या शॉप फ्लोअरवर हाच आहे. प्रत्येक आकडा आपल्यावर उलटणार हे कळले की माणूस बरा दिसणारा आकडा लिहू लागतो. ओळखायचे कसे? पायरोमीटरची वही उघडा. पहिल्या लॅडलपासून शेवटच्या लॅडलपर्यंत प्रत्येक रकान्यात १३९० च असेल, तर तिथे तापमान मोजले गेलेले नाही. ओतता ओतता धातू थंड होतो, त्यामुळे खऱ्या नोंदी कमीजास्त असतातच.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. भट्टीत ओला स्क्रॅप पडताना दिसला तर संदेश लिहीत बसू नये. ओरडावे, हात धरून थांबवावे, त्या क्षणी शब्द कसे निघाले याची पर्वा करू नये. कोणी जाणूनबुजून खोटी नोंद करत असेल तर तो विषय ग्रुपवर मांडू नये, समोर बसवून वरिष्ठांसह बोलावे. आणि टोमणा मारणारा बऱ्याचदा तीन साधे संदेश पाठवून थकलेला असतो, हे फाउंड्रीच्या बाजूनेही लक्षात घ्यावे. «पाहिले, कोअर शॉपमध्ये विचारून ४ वाजता सांगतो» एवढी ओळ अर्ध्या तासात गेली तर पुढचा टोमणा लिहिलाच जात नाही. उत्तर न देणाऱ्यासमोर चांगला संदेशही दोन आठवड्यांत कडवट होतो.

टोमणा आला तर त्याचे उत्तरही याच रीतीने द्यावे. त्यातला राग सोडून द्यावा आणि गाळलेली माहिती मागावी: «हीट कोड, खड्ड्याचा फोटो आणि तो बोअरच्या कुठल्या अंगाला आहे ते कळवा, तोवर त्या पाळीच्या नोंदी काढून ठेवतो.» वाळूचे रिपोर्ट ओके आहेत हे सांगायची घाई करू नये. ते खरे असले तरी कोणी अजून नीट विचारलेले नाही.

सुपरवायझर मंडळींना एक सूचना. ग्रुपवर कोणाचा संदेश सगळ्यांदेखत दुरुस्त करू नका, तोही अपमानच होतो. गेल्या महिन्यातले चार संदेश नावे काढून कागदावर घ्या आणि पाळी बदलताना दोन्ही बाजूंच्या माणसांना बसवून ते नव्याने लिहायला लावा. खोडायचे काय, तारखा कुठे हव्यात आणि मागणी कुठली, हे त्यांनाच ठरवू द्या. मशिन शॉपचा माणूस आणि मोल्डर एकाच कागदावर वाकले की खड्ड्याविषयी त्यांना एकमेकांकडून आणखी बरेच कळेल.

तेव्हा या महिन्यात एवढे करा: रिजेक्शनचा पुढचा संदेश पाठवण्याआधी त्यात हीट कोड, खड्ड्याची जागा, तपासलेले आणि नाकारलेले नग, मागणी आणि वेळ आहे का ते पाहा. यातले काही नसेल तर तो पाठवू नका. आधी जाऊन तुकडा पुन्हा बघा.