मानेवरचा तो मळ नसतो, मामी

मागच्या वर्षी आमच्या घरी पुतण्याच्या मुलाचं नामकरण होतं. त्रिशरण-पंचशील झालं, बाळाला ओवाळून झालं, आणि बायका पंगतीची वाट बघत भिंतीला टेकून बसल्या. माझ्या बहिणीची मुलगी पाणी वाटत होती. वय एकवीस, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. ती वाकली तशी माझी थोरली वहिनी, म्हणजे तिची मामी, सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाली, "काय गं, किती जाडी झालीस! आणि मान तर पाहा, केवढी काळी. आंघोळीला घासत नाहीस का?"

चार बायका हसल्या. पोरगी भडकली आणि म्हणाली, "मामी, आधी तुमचं पोट पाहा." मग काय, वहिनी रुसली, बहिणीनं पोरीलाच झापलं, आणि पोरगी न जेवता घरी गेली. मी तिथंच होते. इतकी वर्षं वॉर्डात काढलेली मी बाई तोंडात सुपारी धरून गप्प बसले. हे लिहायला मला बरं वाटत नाही.

चार दिवसांनी ती माझ्याकडे आली तेव्हा मानेची साल निघालेली होती. लिंबू, खायचा सोडा आणि पाय घासायचा दगड, असं तीन दिवस तिनं केलं होतं. जिथं कातडी सोलली तिथं आग होत होती, आणि पुढं तोच भाग आणखी काळा पडला. कातडीला रगडलं की ती स्वतःला वाचवायला जाड आणि काळी होते, म्हणून घासणं इथं उलटं पडतं.

मी तिच्या मानेवरून बोट फिरवलं. कातडी मखमलीसारखी जाड लागत होती आणि आडव्या रेघा पडल्या होत्या. काखेतही तसंच. मळ असता तर ओल्या फडक्यानं निघाला असता. हा निघत नाही, कारण तो कातडीच्या आतला बदल आहे. आपण खाल्लेली साखर रक्तातून पेशींमध्ये न्यायचं काम इन्सुलिन करतं. शरीर त्याला दाद देईनासं झालं की ते जास्त जास्त तयार होतं, आणि वाढलेलं इन्सुलिन मानेच्या, काखेच्या, जांघेच्या कातडीला भराभर वाढायला लावतं. म्हणून अशी मान दिसली की साबण बदलायचा नाही, रक्तातली साखर तपासायची. प्रत्येक काळ्या मानेमागं हेच कारण असतं असं नाही. काहींना घट्ट दागिन्यांनी किंवा उन्हानंही काळेपणा येतो. पण मखमली जाडी आणि सोबत वाढलेलं वजन असेल तर तपासणी टाळू नये.

मी तिला पाळीचं विचारलं. दोन-दोन, तीन-तीन महिने येत नव्हती, हे तिनं आईलाही सांगितलं नव्हतं. सरकारी दवाखान्यात साखरेची तपासणी बहुतेक तिशीच्या पुढच्यांची करतात, म्हणून तरुण पोरगी नजरेतून सुटते. डॉक्टरांना मान दाखवून, पाळीचं सांगून तपासणी मागावी लागते. रात्रीच्या जेवणानंतर आठ तास काही न खाता रक्त दिलं. साधं पाणी चालतं. साखर निघाली 112. उपाशीपोटी 100 च्या आत हवी, 126 किंवा जास्त दोनदा आली तर मधुमेह धरतात. म्हणजे ही मधल्या पायरीवर होती, जिथून परत फिरता येतं. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एक तपासणी असते, पण घरात सिकलसेल असेल, मग तो नुसता वाहक का असेना, तर तिचा आकडा फसवू शकतो. आपल्या विदर्भातल्या घरांनी हे डॉक्टरांना आधीच सांगावं.

आता मूळ गोष्ट. मामीला उत्तर काय द्यायचं?

पोरीचं म्हणणं होतं, यापुढं कुठल्या कार्यक्रमालाच जात नाही. बहिणीचं म्हणणं होतं, मोठी माणसं आहेत, हसून ऐकून घ्यावं. मला दोन्ही पटलं नाही. हसून ऐकणारी पोर घरी जाऊन दगडानं मान सोलते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि "घाणेरडी आहेस" हा शब्द आपल्या माणसांना दुसऱ्यांनी पुष्कळ ऐकवलाय. तो आपल्याच ओट्यावर, आपल्याच लेकीला कशाला?

मी तिला एवढंच सांगितलं की उलट बोलायचं नाही आणि आजाराचा पाढाही वाचायचा नाही. "पाळीचा त्रास आहे, साखर वाढली आहे" असं पंगतीत सांगितलं की सगळा मांडव डॉक्टर होतो, आणि लग्नाची बोलणी चालू असतील तर ती गोष्ट गावभर फिरते. एक खरं वाक्य बोलायचं, तेही मामीकडे बघून, आवाज न चढवता. मग लगेच मामीलाच काहीतरी विचारायचं, म्हणजे बोलणं पुढं सरकतं आणि मोठ्या माणसाचा मानही राहतो.

दिवाळीनंतर एका साखरपुड्यात तो प्रसंग पुन्हा आलाच. या वेळी वहिनीकडे औषधही होतं. "मेडिकलमधून ती गोरं करायची ट्यूब आण, आठ दिवसांत मान साफ होते," ती म्हणाली. पोरगी म्हणाली, "मामी, तो मळ नाही, घासून जात नाही. डॉक्टरला दाखवलंय. ट्यूबचं नाव सांगा, त्यांना विचारूनच लावीन. तुमचे गुडघे कसे आहेत आता?" वहिनी पाच मिनिटं गुडघ्यांवर बोलली.

या वेळी मी गप्प बसले नाही. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. सुरुवातीला कातडी उजळ दिसते, मग ती पातळ होते, लाल पडते, पुरळ आणि लव येते, आणि लावणं थांबवलं की आधीपेक्षा वाईट दिसतं. अशा ट्यूब डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायच्या नसतात, तरी मिळतात. हे मी तिथंच सांगितलं. पोरीनं एकटीनं उत्तर द्यावं, ही अपेक्षाच चुकीची आहे. आई, मावशी, आजी, जी कोणी शेजारी बसली असेल तिनं आधी तोंड उघडलं पाहिजे. "वहिनी, तिची तब्येत बरी आहे, तुम्ही जेवून घ्या," एवढं पुरतं.

नुसत्या रंगाबद्दल कोणी बोललं तर तपासणीचा प्रश्नच नाही. जन्माचा सावळा रंग आजार नव्हे. "मामी, आमच्या आजीचा रंग आहे हा," असं म्हणून पुढं जावं.

पोरगी 68 किलोची होती. रोज पाऊण तास चालणं, बाटलीबंद गोड पेयं बंद, भात एक वाटी कमी, एवढ्यानं सहा महिन्यांत चार किलो उतरली. पाळी आता बऱ्यापैकी वेळेवर येते. मानेची कातडी मऊ झालीय, काळेपणा थोडा फिकटलाय, पूर्ण गेलेला नाही, आणि तो जायला कदाचित वर्षं लागतील हे तिला माहीत आहे.

त्या साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग हळूच म्हणाली, "माझी पण मान तशीच आहे गं. पदर असतो म्हणून दिसत नाही. उपाशी यायचं म्हणजे चहा पण नाही का?"