पाहुण्याला उलट्या झाल्या, तर उत्तर काय लिहायचं?

जुन्नर २०१८ ला पर्यटन तालुका झाला. इकडं आंबेगावातही भीमाशंकरच्या वाटेवर पाहुणे जेवायला थांबतात. समजा, शनिवारी रात्री आपल्याकडं मासवडी खाल्लेल्या ताईंचा सोमवारी मेसेज आला : "तुमच्या जेवणातून विषबाधा झाली."

कुणी लगेच "आमचं जेवण चांगलंच होतं" म्हणून भांडतो, कुणी "चुकलं आमचं" लिहून मोकळा होतो. माझ्या मते दोन्ही घाई. काही विषबाधा दोन-चार तासांतच दिसते, साल्मोनेलाची तीन दिवसांनीही दिसू शकते. म्हणजे दोष नेमका कुठल्या जेवणाचा, हे अजून कुणालाच माहीत नाही.

मी असं लिहीन : "ताई, तुम्हाला त्रास झाला हे वाचून वाईट वाटलं. आता तब्येत कशी आहे? डॉक्टरांना दाखवलं नसेल तर आधी दाखवा. त्रास कधी सुरू झाला, आणखी कुणाला झाला का, कुणी काय खाल्लं होतं, हे जमेल तसं कळवा. शनिवारचं सामान आणि पाणी आम्ही आजच तपासतोय. कारण कळण्याआधी अंदाजानं काही बोलत नाही. उद्या संध्याकाळी मी स्वतः फोन करतो."

यात काळजी आहे, पण दोषाची कबुली नाही. मात्र "तपासतोय" लिहिलं तर खरंच तपासा. उरलेलं अन्न फेकू नका, वेगळं झाकून फ्रीजमध्ये ठेवा. "रिव्ह्यू काढा, पैसे देतो" हे तर लिहूच नका, राव! आणि त्याच रात्रीचे दुसरे पाहुणेही आजारी निघाले, तर शब्द जुळवत बसू नका. जेवण देणं थांबवा आणि आरोग्य केंद्राला कळवा.