संस्था नोंदवताना नियमावलीची नक्कल नको

महाराष्ट्रात सामाजिक संस्था काढायची तर किमान सात जण लागतात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणी होते आणि तीच संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदवावी लागते. सातही जणांचे ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि संमतीपत्र, तसेच कार्यालयाच्या जागामालकाचे ना-हरकत पत्र जमवताना सगळ्यांची धावपळ होते. नियमावली मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या संस्थेची नाव बदलून जोडली जाते. नंतर संस्था अडते ती इथेच.

आधार आणि पॅनवरील नावात फरक असेल, तर तो नोंदणीच्या वेळीच दिसतो आणि प्रतिज्ञापत्राने निभावतो. नियमावलीतील चूक पहिल्या निवडणुकीपर्यंत झाकलेली राहते.

समजा, एका गावातील वाचनालयाचे ४० सभासद आहेत. उसन्या नियमावलीत दोन कलमे आहेत. सभेची नोटीस १५ दिवस आधी नोंदणीकृत टपालाने द्यावी आणि गणपूर्ती दोन तृतीयांश असावी, म्हणजे २७ सभासद. पाच वर्षांनी निवडणूक होते. नोटीस व्हॉट्सॲपवर जाते, २२ जण येतात आणि नवे मंडळ एकमताने निवडले जाते.

अशा बदलाचा अर्ज कलम २२ नुसार ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. तिथे नोटीस, ती पोहोचल्याचा पुरावा आणि इतिवृत्त तपासले जाते. मंडळातून गेलेल्या एकाने हरकत घेतली, तर वाचनालयाकडे टपालाची पावती नाही आणि गणपूर्तीही नाही. परिशिष्ट एकच्या उताऱ्यावर जुनीच नावे राहतात. बँक तोच उतारा मागते, म्हणून नव्या मंडळाला खात्यावर सही करता येत नाही. नियमावली बदलायची म्हटले, तरी पुन्हा सभा आणि तीच गणपूर्ती लागते.

म्हणून नियमावली आपल्या गावाकडे बघून लिहावी. सभासद कामासाठी बाहेरगावी असतील, तर गणपूर्ती एक तृतीयांश, म्हणजे १४ पुरे. ती झाली नाही, तर सभा तहकूब करून अर्ध्या तासाने त्याच जागी घेता येईल, असे स्पष्ट लिहावे. नोटीस हातपोच देऊन सही घेण्याची सोय ठेवावी. अध्यक्षांनी सभा बोलावलीच नाही, तर किती सभासदांच्या मागणीवरून ती कोण बोलावेल, हेही ठरवावे.

गणपूर्ती कमी ठेवल्यास मूठभर लोक संस्था ताब्यात घेतील, हा आक्षेप खोटा नाही. पण त्यावर उपाय नोटीस प्रत्येकापर्यंत पोहोचवण्याचा आहे. कधीच न भरणारी गणपूर्ती जुन्याच मंडळाला खुर्चीत ठेवते. अर्जावर सह्या करण्यापूर्वी सातही जणांनी ही कलमे एकत्र बसून मोठ्याने वाचावीत.