पद खालचं, काम तेच?

नोकरीसाठी अर्ज एका पदासाठी करायचा, मुलाखती त्याच पदाच्या द्यायच्या आणि शेवटी भरती विभागातून फोन यायचा : "मॅडम, तुमची निवड झाली आहे, फक्त पद एक पायरी खाली असेल." आमच्या गटात नोकरीच्या अडचणी घेऊन येणाऱ्या बायकांकडून हे वाक्य मी गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा ऐकलं आहे की, त्यावर एकदा सविस्तर लिहावं असं वाटलं. त्याआधी बरीच वर्षं मी स्वतः कारखान्यांच्या आस्थापना विभागात काम केलं आहे. त्यामुळे टेबलाच्या पलीकडे काय चालतं, हेही थोडंफार ठाऊक आहे.

घरातून सल्ला बहुधा एकच मिळतो. "हातची सोडू नकोस, आधी आत शीर, मग दाखव कर्तृत्व." हा सल्ला प्रेमापोटी असतो, पण तो नोकरीच्या हिशेबात बसत नाही, असं माझं मत आहे. त्याचं कारण एका मैत्रिणीच्या उदाहरणावरून सांगते. तिचं नाव आणि कंपनी इथे देत नाही.

ती औषधनिर्मितीच्या क्षेत्रातली. गुणवत्ता विभागात नऊ वर्षांचा अनुभव, मग अडीच वर्षं नोकरी बंद : आधी बाळंतपण, मग सासूबाईंचं आजारपण. पुन्हा सुरुवात करताना तिने एका कंपनीत डेप्युटी मॅनेजर पदासाठी अर्ज केला. जाहिरातीत लिहिलं होतं : सहाजणांचा गट सांभाळणं, उत्पादनात काही चूक आढळली तर तिची चौकशी करून कागदावर अंतिम सही करणं, आणि बाहेरून येणाऱ्या तपासणी पथकाला सामोरं जाणं. तीन फेऱ्या झाल्या. मग फोन आला की असिस्टंट मॅनेजर म्हणून घेतो, वर्षाला १० लाख ८० हजार. ती म्हणाली, मी डेप्युटीसाठी अर्ज केला होता. त्यावर उत्तर मिळालं, "मधे गॅप आहे ना मॅडम. आणि आमच्याकडे टायटलला तसा काही अर्थ नसतो."

टायटलला अर्थ नसेल तर ते देऊन टाकायला कंपनीचं काय जातं, हा प्रश्न तिला तेव्हा सुचला नाही. फोनवर कोणालाच सुचत नाही, म्हणून तर अशी बोलणी फोनवर होतात.

आता हिशेब पाहू. कंपन्यांमध्ये प्रत्येक पदामागे एक श्रेणी असते आणि श्रेणीला पगाराची खालची-वरची मर्यादा असते. तिने नंतर विचारून घेतलं तेव्हा कळलं की असिस्टंट मॅनेजरची श्रेणी आठ ते बारा लाखांची होती आणि डेप्युटीची अकरा ते सोळा लाखांची. म्हणजे तिला देऊ केलेला आकडा खालच्या श्रेणीच्या माथ्याजवळचा होता. ऐकायला हे चांगलं वाटतं. पण वर्षाला नऊ टक्के वाढ धरली तर पहिल्या वर्षानंतर ती ११ लाख ७७ हजारांवर जाते आणि दुसऱ्या वाढीला बारा लाखांच्या छताला डोकं आपटतं. छताला लागलेल्या माणसाला बढती मिळेपर्यंत जुजबी वाढ देतात किंवा एकरकमी काहीतरी देऊन गप्प करतात. तीच बाई वरच्या श्रेणीत साडेअकरा लाखांवर लागली असती, तर सुरुवातीचा फरक जेमतेम ७० हजारांचा. पण पुढे साडेचार लाखांची मोकळी जागा. "आत शीर, मग बघू" म्हणणाऱ्यांच्या नजरेतून ही मोकळी जागाच सुटते. शिवाय पुष्कळ ठिकाणी बढतीचा विचार त्या पदावर दीड-दोन वर्षं काढल्याशिवाय होत नाही, आणि ती वर्षं खालच्या पदावर रुजू झाल्या दिवसापासून मोजतात. आधीची नऊ वर्षं त्यात धरत नाहीत.

मग उत्तर काय द्यायचं? पहिलं म्हणजे फोनवर हो म्हणायचं नाही, आणि रागाने नाहीही म्हणायचं नाही. "आनंद झाला, तपशील लेखी पाठवा, दोन दिवसांत कळवते," एवढंच. फोनवर बोलणारी व्यक्ती पद ठरवत नसते. ती कंपनीची असेल तर तिला आपलं म्हणणं वर न्यायचं असतं, आणि तोंडी म्हणणं वर जाईपर्यंत "उमेदवार जरा नाराज आहे" एवढंच उरतं. ती बाहेरच्या भरती संस्थेची असेल तर संस्थेला मिळणारी रक्कम बऱ्याचदा उमेदवाराच्या वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराइतकी असते. ती तुम्ही रुजू झाल्यावरच मिळते. अशा माणसाला तुमच्या पदापेक्षा तुमच्या होकाराची घाई असते. यात त्याचा दुष्टपणा नाही, पण त्याचा सल्ला ऐकताना हे लक्षात असू द्यावं.

दुसरं म्हणजे पद का उतरलं, हे शोधायचं. कारणं तीन-चारच असतात. मुलाखत घेणाऱ्यांना एखाद्या गोष्टीचा अनुभव कमी वाटला. मूळ जागा भरली गेली आणि ही दुसरीच जागा आहे. वरच्या श्रेणीसाठी मंजूर झालेला पैसा आटला. किंवा नुसतंच, खंड पडलेली बाई आहे, कमीत येईल, असा अंदाज. प्रत्येकाला उत्तर वेगळं, म्हणून कारण कळल्याशिवाय घासाघीस करण्यात अर्थ नाही. आणि कारण तपासण्याची खूण एकच : काम बदललं आहे का? हाताखालची माणसं, सहीचा अधिकार, वर कोणाला उत्तर द्यायचं, या तीन गोष्टी जाहिरातीशी ताडून पाहाव्यात. काम लहान झालं असेल तर ती वेगळी नोकरी आहे, ती घ्यायची की नाही ते आपण ठरवावं. काम तेच आणि पाटी मात्र खालची असेल, तर ते स्वस्तात काम करून घेणं आहे.

आम्ही दोघींनी बसून पत्र लिहिलं. ते इंग्रजीत गेलं, मजकूर साधारण असा :

"निवडीबद्दल आभार. हे काम करायची माझी इच्छा आहे. मी डेप्युटी मॅनेजर पदासाठी अर्ज केला होता आणि तिन्ही मुलाखती त्याच पदाच्या झाल्या. आता असिस्टंट मॅनेजर पद देऊ केलं आहे. निर्णय घेण्याआधी कृपया पुढील गोष्टी कळवाव्यात : या पदाची श्रेणी आणि तिची पगारमर्यादा; हाताखाली किती जण असतील; चौकशीच्या कागदांवर अंतिम सही कोणाची असेल; आणि मूळ पदासाठी माझ्यात नेमकं काय कमी आढळलं. कामाची व्याप्ती जाहिरातीप्रमाणेच असेल, तर पदाचा फेरविचार व्हावा अशी विनंती आहे. मागील नोकरीत चार वर्षं मी पाच जणांचा गट सांभाळला आहे आणि चौकशी अहवालांवर सही केली आहे. शुक्रवारपर्यंत बोलता आल्यास बरं होईल."

या पत्रात खंडाबद्दल एक अक्षर नाही, ते मुद्दाम. बाळंतपणाचं आणि आजारपणाचं स्पष्टीकरण द्यायला लागलं की चर्चा कामावरून घरावर सरकते, आणि घराच्या चर्चेत बाई नेहमी बचावाच्या बाजूला असते. आधीच्या पगाराचा उल्लेखही नाही. कॅलिफोर्नियासारख्या काही ठिकाणी उमेदवाराला जुना पगार विचारायलाच २०१८ पासून बंदी आहे. आपल्याकडे सर्रास विचारतात. पण विचारल्याशिवाय आपण होऊन सांगायची गरज नाही.

इथे कायद्याचा एक धागा आहे. १९७५ च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षात समान वेतनाचा अध्यादेश निघाला, १९७६ साली त्याचा कायदा झाला. तो कायदा आता वेगळा राहिलेला नाही, २०१९ च्या वेतन संहितेत सामावला आहे आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. समान किंवा तशाच स्वरूपाच्या कामासाठी वेतनात आणि भरतीतही लिंगावरून भेद करायचा नाही, असं ती म्हणते. "तशाच स्वरूपाचं काम" ठरवताना कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी पाहायची असते. त्या व्याख्येत पदाचं नाव नाही. पण प्रत्यक्षात शेजारच्या टेबलावरचा पुरुष "डेप्युटी" आणि आपण "असिस्टंट" असलो की तुलनाच करता येत नाही, असं सांगून विषय मिटवला जातो. पगारातली तफावत झाकायला पदाच्या पाटीइतकं सोयीचं दुसरं काही नाही. नोकरी धरायच्या आधी कोणी कोर्टात जात नाही आणि खंडाचं कारण पुढे केलं तर लिंगभेद सिद्ध करणंही अवघड, हे मी मान्य करते. तरी कामाचं वर्णन लेखी हातात असावं, ते यासाठी.

उत्तर यायला आठ दिवस लागले. ते दिवस वाईट गेले. घरात "घालवलीस ना" हे ऐकून झालं. उत्तरात कंपनीने खंडाचा मुद्दा सोडून दिला होता. त्यांचं म्हणणं : बाहेरच्या तपासणी पथकासमोर प्रमुख म्हणून तुम्ही उभ्या राहिलेल्या नाहीत, दुय्यम म्हणून होतात. हे खरं होतं. असं खरं कारण असू शकतं, हे आपणही मानलं पाहिजे. चाळीस माणसांच्या कंपनीतली मॅनेजर चार हजारांच्या कंपनीत मॅनेजर असेलच असं नाही. पण मग काम? त्यावर दुसरं पत्र गेलं, दोनच ओळींचं : अनुभव कमी म्हणून पद खालचं असेल, तर जबाबदारीही त्याप्रमाणे हवी, आणि तो अनुभव मिळाल्यावर श्रेणी कधी तपासणार हे नेमणूकपत्रात हवं.

शेवटी ठरलं ते असं. पद असिस्टंट मॅनेजर, हाताखाली सहाऐवजी तीन जण, अंतिम सही वरिष्ठांची. पगार ११ लाख २० हजार. आणि नेमणूकपत्रात एक परिच्छेद : सहा महिन्यांनी श्रेणीचा आढावा, त्यासाठी निकष दोन, एक तपासणी प्रमुख म्हणून हाताळणं आणि चौकशा ठरल्या मुदतीत पूर्ण करणं. "सहा महिन्यांत बघू ना मॅडम" असं तोंडी आश्वासन त्यांनी आधीच दिलं होतं. ते देणारी व्यक्ती ती रुजू व्हायच्या आधीच दुसरीकडे गेली, म्हणून तो परिच्छेद मला पगारवाढीपेक्षा मोलाचा वाटतो.

आमच्यातल्या एकीचं मत होतं की तिने नाकारायला हवं होतं, कारण पद तर खालचंच राहिलं. मला ते पटलं नाही. पाटीबरोबर काम आणि सहीही खाली आली, म्हणजे फुकटात काही गेलं नाही. मात्र सहाजणांचं काम तिच्यावर टाकून पाटी खालचीच ठेवली असती, तर मीही नको म्हटलं असतं. अर्थात घरात दुसरा पगार नसेल तर तसंही म्हणता येत नाही, आणि तेव्हा निदान लेखी विचारून ठेवावं.

आढावा येत्या मार्चमध्ये आहे. मूळ जाहिरात कंपनीने केव्हाच काढून टाकली. तिची छापील प्रत, दोन्ही पत्रं आणि त्यांची उत्तरं तिने एका फायलीत लावून ठेवली आहेत, आणि दर महिन्याच्या शेवटी कोणत्या चौकशीवर कोणाची सही झाली ते ती त्यातच लिहून ठेवते. गेल्या दोन महिन्यांत चार कागदांवर वरिष्ठ रजेवर असल्याने तिचीच सही आहे.