‘कुणाला’मध्ये नवरा येतो का?

‘कुणाला सांगू नकोस हं!’ हे वाक्य आपण सगळ्यांनी हजारदा म्हटलंय आणि हजारदा ऐकलंय. पण या ‘कुणाला’मध्ये नक्की कोण कोण येतं, हे कुणीच कुणाला विचारत नाही. आई येते, ऑफिसातली गँग येते, व्हॉट्सअॅप ग्रुप तर शंभर टक्के येतो. आणि नवरा? की बायको? इथे सॉलिड गोंधळ आहे. सांगणारी समजते, ‘कुणालाच नाही’. ऐकणारी समजते, ‘नवरा म्हणजे काय कुणीतरी आहे का? तो तर मीच!’

गेल्या वर्षी माझ्या दोन मैत्रिणींमध्ये हेच झालं. नावं नको, एकीला बँकवाली म्हणू आणि दुसरीला आयटीवाली. दोघी पुण्यातल्या, तिशी ओलांडलेल्या, लग्न झालेल्या. दोघींचे नवरेही एकमेकांचे मित्र, दर रविवारी सकाळी एकाच टीममध्ये बॉक्स क्रिकेट खेळणारे. हा क्रिकेटचा मुद्दा लक्षात ठेवा.

एका मंगळवारी कॉफी पिताना आयटीवालीने बँकवालीला सांगितलं की त्यांची मुलासाठी ट्रीटमेंट सुरू आहे. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी पोटात हॉर्मोनचं इंजेक्शन, दोन-तीन दिवसांआड सोनोग्राफी, फ्रिजमध्ये भाजीच्या वर औषधांचा डबा. आणि डॉक्टरांनी साधं आयव्हीएफ नाही, इक्सी करायला सांगितलंय. इक्सी म्हणजे लॅबमध्ये एकेका स्त्रीबीजात एकेक शुक्राणू सुईने सोडतात. काउंट फार कमी असेल तेव्हा हा मार्ग घेतात. थोडक्यात, नवऱ्याचा रिपोर्ट चांगला नव्हता. बोलता बोलता ती रडली. निघताना म्हणाली, ‘कुणाला सांगू नकोस.’

बँकवाली घरी आली ती गप्प गप्प. जेवणानंतर नवऱ्याने विचारलं, ‘काय झालं गं?’ आणि तिने सांगितलं. सगळं. रिपोर्टसकट. यात दुष्टपणा काहीच नव्हता. दुसऱ्याचं दुःख ऐकून आलेल्या माणसालाही ते कुठेतरी उतरवायचं असतंच.

रविवारी टर्फवर नेहमीची चेष्टामस्करी चाललेली. कुणीतरी आयटीवालीच्या नवऱ्याला म्हणालं, ‘पेढे कधी देतोयस रे?’ गेली तीन वर्षं हाच जोक चालत होता आणि बँकवालीचा नवराही त्यावर हसायचा. त्या दिवशी मात्र तो एकदम चिडला, ‘बास करा ना यार, सोडा त्याला!’ सगळे गप्प. आयटीवालीच्या नवऱ्याने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि बॅट उचलून क्रीजवर गेला.

गुपितं फुटतात ती बहुतेक वेळा अशीच. कुणी ती मोठ्याने सांगत नाही. कुणीतरी अचानक जास्त चांगलं वागायला लागतं! कालपर्यंत हसणारा माणूस आज हसला नाही, की समोरच्याला कळायचं ते कळतं.

त्याच दुपारी बँकवालीचा मला फोन. ‘एका मैत्रिणीची एक गोष्ट मी ह्याला सांगितली. काय ते तुला सांगणार नाही. पण आता बहुतेक तिच्या नवऱ्याला संशय आलाय. काय करू?’ (काय ते तिने मला खरंच सांगितलं नाही. इथे तिला माझे पूर्ण मार्क. पुढचा तपशील मला आयटीवालीकडूनच कळला, बऱ्याच महिन्यांनी.)

मास कॉमच्या डिग्रीचा उपयोग काय, हे माझे बाबा अजून विचारतात. त्या दिवशी झाला. सँड्रा पेट्रोनियो नावाच्या अमेरिकन अभ्यासक आहेत, त्यांनी 1991 साली एक थिअरी मांडली आणि 2002 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं साधारण असं : खासगी गोष्ट ही मालकीची वस्तू असते. ती तुम्हाला सांगितली की तुम्ही तिचे सहमालक होता, फ्लॅटच्या अॅग्रीमेंटवर दुसरं नाव चढावं तसं. मग सहमालकांनी तीन गोष्टी आपसात ठरवायच्या असतात. आणखी कुणाला सांगायचं, किती सांगायचं आणि पुढे सांगायचा हक्क कुणाचा. हे ठरलं नाही की जे होतं त्याला त्या ‘टर्ब्युलन्स’ म्हणतात. विमानात होतो ना, तोच.

‘कुणाला सांगू नकोस’मध्ये यातलं काहीच नीट ठरत नाही. आणि नवरा-बायकोच्या बाबतीत तर ‘आमच्यात काही लपवालपवी नसते’ हा फंडा आधीच असतो. गंमत म्हणजे कायदाही त्यांना थोडी सवलत देतो. पूर्वी 1872 च्या पुरावा कायद्याचं कलम 122 होतं, आता 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 128 आहे. नवरा-बायकोने एकमेकांना लग्नात सांगितलेलं कोर्टात उघड करायला, काही अपवाद सोडले तर, त्यांना भाग पाडता येत नाही. पण हे कोर्टात. टर्फवर कसलं आलंय कलम!

परत बँकवालीकडे येऊ. तिच्यापुढे दोन रस्ते होते. एक, नवऱ्याला ‘तुला काही माहीतच नाही असं वाग’ अशी तंबी देऊन गप्प बसायचं. हा रस्ता सोपा दिसतो, पण त्यात नवऱ्याला मित्रासमोर कायमची अॅक्टिंग करावी लागते, आणि ती त्याला जमत नाही हे सकाळीच सिद्ध झालं होतं. बिचाऱ्याने तर हे गुपित मागितलंही नव्हतं. दुसरा रस्ता, आयटीवालीला स्वतः सांगायचं आणि तिच्या नवऱ्याने तिला विचारायच्या आत सांगायचं. म्हणजे त्याच दिवशी.

तिने मला आधी फोनवर रिहर्सल करून दाखवली. ‘अगं, रागावू नकोस हं, पण तुला माहितीये ना आमचं, मी ह्याच्यापासून काही लपवत नाही, आणि त्याला तुझ्याबद्दल किती वाटतं...’ मी म्हटलं, थांब. यात तिने ऐकायचं काय? तू किती चांगली बायको आहेस हे? तिला चारच गोष्टी हव्या असणार. कुणाला सांगितलं, कधी, नेमकं काय, आणि तिथून ते पुढे गेलं का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर आधी नवऱ्याला विचारून घ्यायला हवं. ‘बहुतेक नाही’ असं उत्तर चालत नाही. आणि हे मेसेजवर तर अजिबात नको. लेखी राहतं, आणि फोन दुसऱ्याच्याही हातात असू शकतो.

नवऱ्याला विचारून, तो पुढे कुणाशीच बोलला नाही याची खात्री करून, संध्याकाळी तिने फोन केला. जवळ कुणी नाही ना, हे आधी विचारलं. मग म्हणाली, ‘मंगळवारी तू जे सांगितलंस ते मी त्याच रात्री ह्याला सांगितलं. तुला विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही. सॉरी. ट्रीटमेंटचं सांगितलं आणि इक्सी का करताय तेही. त्याने पुढे कुणालाच सांगितलेलं नाही, मी विचारलंय. पण आज मॅचला तो जे बोलला त्यावरून तुझ्या नवऱ्याला शंका आली असेल.’ बस, एवढंच.

पलीकडे बराच वेळ शांतता. आणि मग एकच प्रश्न आला, ‘रिपोर्टचंही?’

ती ट्रीटमेंटचं ऐकून चिडली नव्हती. ती नंतर मला म्हणाली, ‘मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, इंजेक्शनं चालू आहेत एवढं सांग, बाकी नको. तेवढं त्याला कळलं असतं तर मला उलट बरंच वाटलं असतं. पण रिपोर्ट माझा नव्हता गं.’

आधी विचारण्याचा खरा उपयोग इथे कळतो. आपल्याला वाटतं विचारलं की उत्तर हो किंवा नाही येणार, आणि बहुतेक ‘हो’च येणार, तर विचारायचं कशाला? पण उत्तर बऱ्याचदा ‘एवढं हो, तेवढं नाही’ असं असतं. कुठला भाग नाजूक आहे, हे ऐकणाऱ्याला बाहेरून दिसत नाही. बँकवालीला वाटलं ती मैत्रिणीची गोष्ट सांगतेय. प्रत्यक्षात तिने नवऱ्याला त्याच्याच टीममधल्या मित्राची सगळ्यात खासगी गोष्ट सांगितली होती, रविवारच्या मॅचच्या पाच दिवस आधी.

विचारायला तरी किती वेळ लागतो? कॉफी संपताना, ‘मी हे घरी बोलले तर चालेल? की माझ्यापाशीच ठेवू?’ झालं. समोरची ‘चालेल’ म्हणाली तर ‘सगळं की थोडंच?’ हेही विचारायचं. ती घुटमळली तर ते ‘नाही’ समजायचं. आणि घरी नवऱ्याने ‘काय झालं’ म्हटलं की, ‘ती अडचणीत आहे म्हणून मला वाईट वाटतंय, पण गोष्ट तिची आहे, मी सांगू शकत नाही’ एवढं पुरतं. बहुतेक नवरे सुटकेचा निःश्वास टाकतात, माझ्यावर विश्वास ठेवा!

एक अपवाद. मैत्रीण स्वतःच्या जिवाचं काही बरंवाईट करण्याबद्दल बोलत असेल किंवा घरी मार खात असेल, तर परवानगीसाठी थांबायचं नाही. पण तेव्हाही पहिला फोन कामाच्या माणसाला करायचा. जीव द्यायच्या गोष्टी असतील तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, 14416. नवरा मदतीला आला तर उत्तमच, पण नुसतं त्याला सांगून तिची मदत होत नाही.

आता या गोष्टीतला ट्विस्ट. फोन ठेवल्यावर आयटीवालीच्या लक्षात आलं की तिनेही नवऱ्याला विचारलं नव्हतं! रिपोर्ट त्याचा, आणि तो बँकवालीपर्यंत पोचवला तिनेच. त्या रात्री तिने तेच चार मुद्दे त्याच्यासमोर मांडले. कुणाला, कधी, काय, पुढे कुठपर्यंत. तो ओरडला नाही. पुढचे दोन रविवार खेळायला मात्र गेला नाही.

बँकवालीने आधीच विचारून ठेवलं होतं, ‘माझ्या नवऱ्याने काय करावं असं तुम्हाला वाटतं?’ निरोप आला, काही बोलू नको, सहानुभूती नको, स्पेशल वागणूक नको. तिसऱ्या रविवारी तो खेळायला आला तेव्हा बँकवालीच्या नवऱ्याने त्याला पहिल्याच बॉलला रनआऊट केलं आणि वर शिव्याही घातल्या. दोघं त्यानंतर नेहमीसारखे नाश्त्याला गेले म्हणे.

हा मजकूर छापायच्या आधी चौघांनी वाचलाय. ट्रीटमेंटचं पुढे काय झालं ते मला माहीत आहे, पण ते छापायला त्यांनी नाही म्हटलं. रिपोर्टबद्दल मी आयटीवालीच्या नवऱ्याला वेगळं विचारलं. तो म्हणाला, राहू दे, फक्त खेळ बदल. तेव्हा वर जिथे जिथे बॉक्स क्रिकेट लिहिलंय, ते बॉक्स क्रिकेट नाही.